मुलांची चित्रं आणि शाळेचे कागद वर्षावर्षाने जपताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी मुलगी आता सातवीत आहे आणि तिची सीनियर केजीपासूनची चित्रं मी फोटो काढून, वर्षवार लावून ठेवली आहेत. धाकटा तिसरीत आहे, त्याचंही चालू आहे. हे कळल्यापासून ओळखीतले आई-बाबा वर्षभर प्रश्न पाठवतात, त्यात निकालाच्या आठवड्यात आणि पावसाळ्याच्या तोंडावर जास्तच. तेच तेच प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं लिहिली आहेत. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. वर्ष जानेवारीपासून धरायचं की जूनपासून?

इयत्तेनुसार धरा. "हे चौथीतलं" असंच आपल्याला आठवतं, "२०२२ मधलं" असं नाही. शाळा जूनमध्ये उघडत असेल तर जून ते मे, आणि एप्रिलमध्ये नवी इयत्ता सुरू होत असेल तर एप्रिल ते मार्च. मे महिन्याच्या सुट्टीत आजोळी काढलेली चित्रं कुठल्या वर्षात टाकायची, यावर घोळ होतो. मी साधा नियम ठेवला आहे: नवीन वर्गात पहिला दिवस भरेपर्यंतचं सगळं आधीच्या इयत्तेत. कुठलाही नियम चालेल, पण दोन मुलांना दोन वेगळे नियम लावू नका.

मूल आधीच तिसरी-चौथीत असेल तर मागचा गठ्ठा उपसत बसू नका. आज घरी आलेल्या कागदापासून सुरुवात करा. मागच्याचं काय करायचं ते प्रश्न ११ मध्ये आहे.

२. कागद घरी आला की आधी काय करायचं?

फोटो नंतर काढला तरी चालतो. तारीख आणि मुलाचं वाक्य मात्र त्याच दिवशी लिहायचं. या सगळ्या उद्योगात उशीर न चालणारी हीच एक गोष्ट आहे.

मुलगी सीनियर केजीत असताना, जुलै २०१८ मध्ये, तिने एक पान आणलं होतं. सगळं तपकिरी, आणि मधोमध निळा गोळा. मला वाटलं माठ असेल. त्याच संध्याकाळी विचारलं तर म्हणाली, "ही विहीर आहे. मी वरून बघतेय. आजीने मला मागून धरलंय म्हणून आजी दिसत नाही." हे वाक्य मागे लिहिलं नसतं तर आज माझ्याकडे फक्त एक तपकिरी पान उरलं असतं. त्याच महिन्यातल्या दुसऱ्या एका चित्राबद्दल विचारायला मला तीन आठवडे लागले, तेव्हा उत्तर आलं, "माहीत नाही." ते चित्र अजूनही तसंच मुकं आहे.

"हे काय आहे?" असं विचारलं की काही मुलं हिरमुसतात, कारण त्यांच्या दृष्टीने ते स्पष्टच दिसत असतं. "यातलं मला सांग ना" म्हटलं की ती बोलायला लागतात. वाक्य त्यांच्याच शब्दांत लिहा, व्याकरण सुधारू नका.

लिहायचं कागदाच्या मागच्या बाजूला, कोपऱ्यात, पेन्सिलीने. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि स्केचपेनची शाई झिरपते. मागे जागा नसेल, किंवा मागेही चित्र असेल, तर दोन बोटं रुंदीची कागदी पट्टी कापून तिच्यावर तारीख, नाव, इयत्ता आणि वाक्य लिहा. फोटो काढताना ही पट्टी चित्राच्या खाली ठेवायची. मग तारीख फोटोतच राहते, ती पुसली जायची भीती नाही. चित्र नुसतं हवं असेल तेव्हा पट्टी कापून टाकता येते.

३. फोटो कुठे आणि कसा काढायचा? माझे नेहमी पिवळे आणि वाकडे येतात.

पिवळे येतात ते दिव्यामुळे, वाकडे येतात ते फोन तिरका धरल्यामुळे.

दिवसा खिडकीजवळ जमिनीवर बसा. ऊन थेट कागदावर पडता कामा नये, नुसता उजेड हवा. घरातले सगळे दिवे बंद करा, कारण खिडकीचा उजेड आणि बल्बचा उजेड एकत्र आले की कागदाची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळट दिसते, आणि ते नंतर दुरुस्त करणं फार किचकट असतं. पंखाही बंद करा, नाहीतर कडा उडत राहतात. पावसाळ्यातली ढगाळ सकाळ यासाठी सगळ्यांत उत्तम. ढगांतून येणारा उजेड सगळीकडून सारखा पडतो आणि सावली जवळजवळ राहतच नाही. खिडकी एका बाजूला आणि तिच्या समोरच्या बाजूला पांढरा थर्माकोल किंवा कार्डपेपर उभा केला की अंधारी कडही उजळते.

कागदाखाली गडद, एकरंगी कापड घाला. नक्षीची सतरंजी नको, कागदाची कड तिच्यात हरवते.

आता फोन. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये आडव्या-उभ्या रेषा दाखवायची सोय असते, ती चालू करा. उभं राहून, फोन कागदाला समांतर धरून, २x झूम करून फोटो घ्या. फार जवळ गेलात तर कागदाच्या कडा फुगतात आणि तुमची सावली पडते. फोन समांतर आहे का हे ओळखायची खूण अशी: कागदाची वरची कड खालच्या कडेपेक्षा आखूड दिसत असेल तर फोन तिरका आहे. चारही कडा रेषांना धरून आल्या की मगच बटण दाबा. फ्लॅश कायम बंद.

पांढरा कागद फोटोत करडा दिसतो अशी तक्रार बरेच जण करतात. समोर सगळं पांढरं असलं की कॅमेरा ते मध्यम करड्याकडे ओढतो. स्क्रीनवर कागदाला स्पर्श करून उजेड थोडा वाढवला की काम होतं. एकाच बैठकीत सगळे फोटो काढले तर सगळ्यांचा रंग सारखा येतो, म्हणून मी महिन्यातून एकदाच बसते. चाळीस कागदांना तासभर पुरतो.

चुरगळलेला कागद दोन दिवस गादीखाली ठेवा. इस्त्री फिरवू नका, मेणखडू आणि तेलखडू वितळतात.

४. कागद स्कॅन करायचं अ‍ॅप वापरलं तर हे सगळं वाचेल ना?

लिखाणासाठी वाचेल, चित्रासाठी नाही. ही अ‍ॅप्स कागद आपोआप सरळ करतात, ते चांगलंच आहे. पण अक्षरं ठळक दिसावीत म्हणून ती कागद पांढराशुभ्र करतात. त्यात फिकट पिवळा रंग, पेन्सिलीच्या हलक्या रेघा आणि खोडरबराच्या खुणा निघून जातात. आधी हत्ती काढून, तो खोडून त्यावर घर काढलं असेल तर खालचा पुसट हत्ती हाच त्या चित्राचा जीव असतो. अ‍ॅप तो मळ समजून काढून टाकतं. निबंध, शुद्धलेखन, गणिताचा कागद यांना अ‍ॅप खुशाल वापरा. चित्राला वापरायचंच असेल तर मूळ रंग तसेच ठेवणारा पर्याय निवडा.

५. तेलखडूचं चित्र चकाकतं आणि पेन्सिलीचं दिसतच नाही. काय करू?

दोन्हीचं उत्तर उजेडाच्या दिशेत आहे. तेलखडू आणि गडद पेन्सिल या दोन्हींवरून उजेड परावर्तित होतो. उजेड वरून पडत असेल तर तो थेट लेन्समध्ये येतो. कागद खिडकीपासून आणखी दोन हात दूर घ्या, म्हणजे उजेड आडवा येईल, आणि कागद जागेवरच थोडा थोडा फिरवत स्क्रीनवर बघा. एका कोनात चकाकी नाहीशी होते. घोटीव कागदाच्या आणि चमकीच्या कामाला मी दोन फोटो काढते, एक चकाकी नसलेला आणि एक मुद्दाम चकाकणारा, कारण चमकी लावताना मुलाला ती चमकच हवी होती. पेन्सिलीचं चित्र फिकटच असेल तर फोटो किंचित गडद घ्या.

६. सगळ्या वह्यांची सगळी पानं काढायची का?

नाही. तसं करायला गेलात तर दुसऱ्या वर्षीच कंटाळून सोडून द्याल. प्रत्येक वहीतून मुखपृष्ठ, पहिलं लिहिलेलं पान, मधलं एक आणि शेवटचं एक, अशी चार पानं पुरतात. चार पानांतूनही अक्षर कसं बदलत गेलं ते दिसतं. त्याशिवाय मुलाने स्वतःच्या मनाने लिहिलेलं सगळं घ्या: निबंध, पत्र, "माझा आवडता सण" वगैरे. फळ्यावरून उतरवलेलं वगळा. चुकांची पानं मात्र वगळू नका. धाकट्याने "शाळेला सुटी मिळाली" ऐवजी "शाळेला सुटी मिळाळी" लिहिलेलं पान त्याच्या दहा अचूक पानांपेक्षा मला जास्त हवं आहे.

वह्या रद्दीत घालायची घाई करू नका. निकाल लागून नवी इयत्ता सुरू होईपर्यंत शाळा कधीही वही मागू शकते.

७. फाइलला नाव काय द्यायचं? फोल्डर कसे लावायचे?

माझी मांडणी अशी आहे:

```
Chitra/
  Ira/
    2022-23_i4/
      2022-10-22_ira_i4_killa_01.jpg
      2023-01-14_ira_i4_patang.jpg
      nond.txt
```

तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहिली की फाइली आपोआप क्रमाने लागतात. मग मुलाचं नाव, इयत्ता आणि एक शब्द. देवनागरी नावं आजच्या फोन-संगणकावर चालतात, पण जुना टीव्ही किंवा छपाईवाल्याचं यंत्र कधीकधी नुसते चौकोन दाखवतं. शिवाय देवनागरी आणि इंग्रजी आकडे मिसळले तर क्रम बिघडतो. म्हणून फाइलचं नाव रोमनमध्ये आणि मुलाचं वाक्य `nond.txt` मध्ये मराठीत, फाइलच्या नावापुढे.

वाक्य फोटोच्या अ‍ॅपमध्ये वर्णन म्हणून लिहू नका. गुगल फोटोजमध्ये लिहिलेलं वर्णन फोटोच्या आत जात नाही; सगळं उतरवून घेतलं की ते वेगळ्या फाइलमध्ये येतं आणि चित्रापासून सुटतं. साधी मजकुराची फाइल कुठेही उघडते.

फोटोच्या आत नोंदलेली तारीख ही फोटो काढल्याची असते, चित्र काढल्याची नाही, हेही लक्षात ठेवा. नावात चित्राची तारीख घाला.

८. जागा किती लागते? आणि हे सगळं ठेवायचं कुठे?

वाटते त्यापेक्षा कमी. १२ मेगापिक्सेलचा एक फोटो साधारण ३ ते ५ एमबीचा असतो, म्हणजे वर्षाला शंभर फोटो काढलेत तरी अर्ध्या जीबीच्या आसपास. हा फोटो ए४ आकारात छापायलाही पुरतो: ए४ चांगला छापायला २४८० x ३५०८ पिक्सेल लागतात आणि १२ मेगापिक्सेलमध्ये त्याहून जास्त असतात.

दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी हव्यातच. माझी एक प्रत घरच्या हार्डडिस्कवर आहे, एक ऑनलाइन, आणि दर दिवाळीला मी आईच्या घरच्या डिस्कवर तिसरी टाकते. ऑनलाइनच्या भरवशावर सगळं सोडणाऱ्यांनी एवढं बघावं की गुगल फोटोजची अमर्याद फुकट जागा १ जून २०२१ पासून बंद झाली, आता फुकटातल्या १५ जीबीत तुमचा ईमेलही मोजला जातो. जागा भरली की नवे फोटो चढत नाहीत, आणि ते बऱ्याचदा लक्षातही येत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो आकसतो. आजीला बघायला ठीक, पण साठवायची प्रत पाठवताना ती डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

९. फोटो काढल्यावर मूळ कागद टाकून द्यायचे का? आणि ठेवायचे तर कसे?

थोडे ठेवा. मुलीच्या चौथीच्या वर्षाचं सांगते: घरी आलेले कागद एकशे ऐंशीच्या आसपास, फोटो काढले ७४ आणि फाइलमध्ये ठेवले २१. निवडताना "सुंदर" हा निकष मी लावत नाही. पहिल्यांदा काही जमलं ते (पहिला माणूस ज्याला मान होती, पहिली सही), ज्याच्या मागे चांगलं वाक्य आहे ते, आणि ज्याला हात लावल्यावरच मजा आहे ते: बोटांचे ठसे, डाळींची चिकटवलेली नक्षी, कापसाचे ढग.

ठेवण्यात मी एकदा सपशेल चुकले आहे. केजीची फाइल प्लास्टिकच्या पिशव्यांमध्ये घालून माळ्यावर ठेवली, बाहेरच्या भिंतीला लागून. एक पावसाळा गेला आणि उघडली तर कागदांवर काळे ठिपके, दोन तेलखडूची चित्रं पिशवीला चिकटलेली, आणि खळीने चिकटवलेला भाग कसरीने नेमका खाल्लेला. बुरशी दमट, बंद जागेत धरते आणि कसर खळ, डिंक, पीठ यांवर येते. तेलखडू तर पूर्ण कधी वाळतच नाही.

तेव्हापासून चित्रं कपाटाच्या मधल्या कप्प्यात, सुती कापडात गुंडाळून, पुठ्ठ्याच्या पेटीत आडवी ठेवते. तेलखडूच्या प्रत्येक चित्रावर ट्रेसिंग पेपर घालते. डाळ-तांदूळ चिकटवलेल्या कामाला किडे लागतात, म्हणून ते वेगळ्या डब्यात असतं आणि दर महिन्याला बघावं लागतं. सध्या तो डबा स्वयंपाकघरापासून लांब आहे. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरच्या कोरड्या दिवसांत, सगळं एकदा सावलीत मोकळं करून ठेवते.

स्टेपलरच्या पिना काढून टाका, त्या गंजतात. रबर चिकटतं. सेलोटेप काही वर्षांत पिवळी पडते आणि डाग सोडते. आणि लॅमिनेशन करू नका. त्यातल्या उष्णतेने मेणखडू पसरतात, आणि एकदा केलं की कागद पुन्हा मोकळा करता येत नाही.

१०. दिवाळीचा किल्ला, आकाशकंदील, मातीचे बैल यांचं काय?

हे टिकत नाहीच, त्यामुळे फोटो हीच त्याची प्रत. समोरून, बाजूने आणि वरून असे तीन फोटो, आणि चौथा मुलासकट, म्हणजे आकार कळतो. लहान वस्तूशेजारी पट्टी किंवा नाणं ठेवा. किल्ल्याचा फोटो मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवरून घ्या, उभ्याने काढला की तो ढिगाऱ्यासारखा दिसतो. आणि अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ घ्या, ज्यात मूल बोटाने दाखवत सांगतं की हा दरवाजा, इथे तोफ, इथे मावळे झोपतात. वाक्याची पट्टी (प्रश्न २) इथे लागत नाही, तो व्हिडिओच नोंद आहे.

११. जुना गठ्ठा सापडला आहे, एकावरही तारीख नाही आणि दोन मुलांची चित्रं मिसळलेली आहेत.

आधी मागची बाजू बघा. शाळेच्या कागदावर बाईंची लाल शाईतली सही असते आणि तिच्याखाली बऱ्याचदा तारीख. घरचं चित्र जुन्या कॅलेंडरच्या, पत्रिकेच्या किंवा बिलाच्या मागे काढलेलं असेल तर त्या कागदावरची तारीख निदान "याच्या आधीचं नाही" एवढं सांगते.

मग चित्रच वाचा. डोक्यालाच हात-पाय फुटलेला माणूस साधारण तीन-चार वर्षांचं मूल काढतं. धड त्यानंतर येतं, आणि खाली जमिनीची रेघ ओढून सगळं त्या रेघेवर उभं करणं साधारण शाळेत जायला लागल्यावर. उलटी अक्षरं, आपलं नाव कितपत लिहिलं आहे, ज घालायचा की झ याचा गोंधळ, यांवरून आणखी जवळ जाता येतं. दोन भावंडांत फरक करायला रंग कामाला येतात. माझी मुलगी आकाश नेहमी कागदाच्या वरच्या कडेला पट्टीसारखं रंगवायची, धाकटा आकाश काढतच नाही.

ठरलं नाही तर ओढूनताणून तारीख घालू नका. `2017-xx-xx` किंवा `201x` असं नाव द्या. xx आकड्यांनंतर लागतो, त्यामुळे `2017-xx-xx` नावाची चित्रं त्या वर्षाच्या शेवटी एकत्र येतात.

१२. २०२०-२१ ची शाळा घरूनच होती. त्या वर्षाचं काहीच नाही आमच्याकडे.

बहुतेक आहे, फोनमध्ये. त्या वर्षी गृहपाठाचे फोटो काढून बाईंना पाठवत होतो, तेच तुमचं संग्रहण. अँड्रॉइड फोनमध्ये फाइल्सच्या अ‍ॅपमधून इथे बघा:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media/WhatsApp Images/Sent
```

जुन्या फोनमध्ये ते नुसत्या `WhatsApp/Media` मध्ये असेल. फाइलचं नाव `IMG-20200914-WA0007.jpg` असं असतं, म्हणजे १४ सप्टेंबर २०२० ही तारीख नावातच मिळते. दर्जा कमी असतो, पण माझ्या मुलीच्या दुसरीचं अर्धं वर्ष मला तिथूनच मिळालं. फोन कोणाच्या तरी खणात पडून असेल तर तो विकायच्या आधी हे फोल्डर उतरवून घ्या.

१३. प्रगतिपुस्तक, प्रमाणपत्रं यातच ठेवायची का? आणि चित्रं नातेवाइकांना पाठवली तर चालतात ना?

प्रगतिपुस्तकाचा फोटो काढा, पण वेगळ्या फोल्डरमध्ये. त्यावर जन्मतारीख, शाळा, पत्ता असतो, आणि चित्रांचं फोल्डर आपण कधीतरी कोणालाही देतो. चित्रं पाठवताना पट्टी कापून पाठवा, कारण तिच्यावर नाव आणि इयत्ता असते. मूळ प्रमाणपत्रं या पेटीत नकोत, ती घरच्या इतर कागदपत्रांबरोबर ठेवा.

१४. मूल म्हणतं, "हे ठेवू नकोस, फाडून टाक." तेव्हा?

त्याचं ऐका. लगेच फाडू नका, पण "ठीक आहे, मग मी ते तुझ्या पाकिटात ठेवते" असं म्हणून बंद पाकिटात घाला, फोटो न काढता, आणि दोन-तीन महिन्यांनी पुन्हा विचारा. मुलीने असं सहा वेळा सांगितलं. चार चित्रं तिने नंतर परत मागून घेतली, दोन तिने स्वतः फाडली. उलटही होतं: तुम्ही रद्दीत घातलेलं चित्र मुलाला गठ्ठ्यात सापडतं आणि रडारड होते. म्हणून आता वर्षाअखेरचा गठ्ठा आम्ही तिघं बसून निवडतो. जे जाणार आहे ते रद्दीवाला यायच्या दिवशीच दारात ठेवते, आणि चित्राची बाजू आत दुमडून.